बीट पुरचुंडीत, गाजर उघड्यावर: ओव्हनमध्ये अख्खं भाजताना सुरीचं ऐका

पहिल्यांदा अख्खं बीट ओव्हनमध्ये भाजलं तेव्हा मी घड्याळावर विसंबलो होतो. कुठेतरी वाचलं होतं, दोनशे अंशांना एक तास. तासाभराने फॉइल उघडलं तर साल बोटाने सरकत होती, रंग झकास, वासही गोडूस. मोठ्या ऐटीत मधोमध चिरायला घेतलं आणि सुरी अडली. बाहेरचा बोटभर जाडीचा थर मऊसूत, आणि आत लिंबाएवढा गोळा कच्चाच, करकरीत. पाहुणे टेबलाशी बसलेले. तेवढ्याच मापाचं दुसरं बीट मी नंतर वजन करून पाहिलं, ते सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे भरलं. एक तासाचा हिशेब त्याच्या निम्म्या वजनाच्या बिटाचा होता.

म्हणून ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. वेळ मी देणार आहेच, पण ती वेळ म्हणजे सुरी टोचून बघायला कधी सुरुवात करायची एवढीच खूण. बीट झालं की नाही हे सुरीच सांगते. फक्त सुरी कशी टोचायची आणि हाताला काय लागतं याचा अर्थ कसा लावायचा हे ठाऊक हवं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

बीट असो की गाजर, कच्चेपणी ते कडक असतं कारण पेशींच्या भिंती एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. हा चिकटा साधारण ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे सुटायला लागतो. त्याखाली कितीही वेळ ठेवा, कंद गरम होतो पण मऊ होत नाही. म्हणजे आपलं खरं काम एकच, की बिटाचा अगदी मधला भाग नव्वदीच्या आसपास पोचवायचा आणि तिथे थोडा वेळ टिकवायचा. बाहेरचा भाग केव्हाच पोचलेला असतो. वेळ खातो तो गाभा.

फॉइलच्या पुरचुंडीत बिटाच्या अंगच्याच पाण्याची वाफ कोंडते. ती वाफ आहे तोवर पुरचुंडीच्या आत तापमान शंभराच्या आसपासच राहतं, बाहेर ओव्हन दोनशेला असला तरी. त्यामुळे बीट सुकत नाही, करपत नाही, निवांतपणे आतपर्यंत शिजतं. खरं बोलायचं तर याला भाजणं म्हणणंही जरा जास्तच होतं, ते आपल्याच रसात उकडणं आहे. उघड्या ट्रेमध्ये याच्या नेमकं उलटं घडतं. पाणी उडून जातं, पृष्ठभाग कोरडा पडतो, आणि कोरडा पडल्यावरच तो शंभराच्या वर चढून तांबूस होतो. तांबूसपणासोबत तो खमंग, किंचित जळक्या साखरेसारखा वास येतो.

बीट जाड आणि गोल असतं, त्याला आतपर्यंत शिजायला तासभर लागतो. तेवढा वेळ उघड्यावर ठेवलं तर साल कातड्यासारखी वातड होते आणि तिच्याखालचा थरही दाठर पडतो. गाजर बारीक असतं, अर्ध्या-पाऊण तासात आतून होतं, आणि तेवढ्याच वेळात बाहेरून छान रंगतं. म्हणून माझा नेम ठरलेला आहे, बीट पुरचुंडीत, गाजर उघड्यावर. उलटही करता येतं. फॉइलमधलं गाजर गोड आणि मऊ होतं, पण उकडलेल्या गाजरात आणि त्यात मला तरी फरक कळत नाही.

बीट: धुवा, पण सोलू नका

बिटं निवडताना एकच पाहा, ती एका मापाची असावीत. हाताला जड आणि टणक लागावीत. पिचपिचीत, सुरकुतलेली बिटं शिजतात, पण रस कमी असल्याने चव पातळ लागते. तशीच हाती असतील तर पुरचुंडीत एक चमचाभर पाणी घाला, ताज्या बिटांना ते लागत नाही.

नळाखाली धरून ब्रशने माती काढा. पानं कापा, पण देठाचा दोन-तीन सेंटीमीटर भाग ठेवा. खालची शेपटीही तशीच राहू द्या. साल कुठेही खरवडायची नाही. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे, आणि कंदाला जिथे जिथे चीर पडते तिथून तो रस बरोबर घेऊन पाझरतो. तो रस फॉइलच्या तळाशी साठतो, आटतो आणि काळा डांबरासारखा चिकटून बसतो. तुमचा गोडवा तिथे गेलेला असतो.

मीठ, तेल यातलं काही मी बिटाला लावत नाही. साल नंतर काढूनच टाकायची असते, तेव्हा तिच्यावरचं मीठ कुणाच्याच पोटात जात नाही. लिंबू किंवा व्हिनेगर तर या टप्प्यावर अजिबात नको. आंबटपणात पेक्टिन सुटायला वेळ लागतो, म्हणजे बीट कडक राहतं. शिवाय आंबट पदार्थ आणि ॲल्युमिनियम तापल्यावर एकमेकांशी बरे वागत नाहीत, फॉइलला बारीक भोकं पडतात आणि धातूची चव उतरते.

पुरचुंडी

साधारण एक वीत-दीड वीत लांबीरुंदीचा फॉइलचा चौकोन घ्या, पातळ असेल तर दुहेरी. चकचकीत बाजू आत की बाहेर यावर लोक वाद घालतात. त्याने काही फरक पडत नाही. बीट मध्ये ठेवून चारही कोपरे वर आणा, आणि वरच्या वर पीळ द्या. अगदी अंगाला चिकटवून घट्ट आवळू नका, वर थोडी पोकळी राहू द्या, वाफेला फिरायला जागा हवी. तोंड वरच असलं पाहिजे. बाजूला किंवा खाली आलं तर रस गळतो, आणि दुसरं म्हणजे सुरी टोचायला पुरचुंडी उघडताना वरचा पीळ सोडणं सोपं जातं.

मी प्रत्येक बिटाची वेगळी पुरचुंडी करतो. चार बिटं एकाच फॉइलमध्ये गुंडाळली तरी शिजतात, पण मग त्यातलं लहान बीट आधी झालं तरी ते बाहेर काढायची सोय राहत नाही. पुरचुंड्या थेट जाळीवर ठेवू नका, खाली ट्रे हवाच. कितीही काळजी घेतली तरी एखादी गळते, आणि ओव्हनच्या तळाला जळलेला बिटाचा रस खरवडताना पुढचा रविवार जातो.

कन्व्हेक्शन असलेला मायक्रोवेव्ह वापरत असाल तर एवढं पाहा, की मायक्रो किंवा मिश्र सेटिंग चालू नाही. तिथे फॉइलमुळे ठिणग्या उडतात. नुसत्या कन्व्हेक्शनवरही फॉइल चालेल का ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघून घ्या. चालत नसेल तर झाकणाचं काचेचं किंवा मातीचं ओव्हनमध्ये चालणारं भांडं घ्या, तळाला दोन चमचे पाणी घाला, झाकण लावा. काम तेच होतं.

तापमान आणि वेळ

बिटाला २०० अंश. वरखाली दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या कप्प्यात. ओव्हनला पंखा असेल आणि तो चालू असेल तर १८० पुरे. आधी पंधरा मिनिटं रिकामा ओव्हन तापू द्या, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. छोट्या ओव्हनच्या बटणावर मात्र फार भरवसा ठेवू नका. माझ्याकडचा दोनशेवर लावला की आत जाळीवरचा थर्मामीटर एकशेऐंशी दाखवतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली, तोवर मी पाककृती लिहिणाऱ्यांना नावं ठेवत होतो.

तापमान २३० केलं तर लवकर होईल का? फारसं नाही. मघाशी म्हटलं तसं, आत वाफ आहे तोवर बिटाच्या अंगाला शंभरच्या आसपासच लागतं. आच वाढवून तळाचा रस तेवढा लवकर जळतो. आणि १५० ला ठेवलं तर बीट होतं, पण संध्याकाळ संपते.

वेळ ठरते ती जाडीवर, आणि जाडी वाढली की वेळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दीडपट जाड बिटाला दीडपट नाही, सव्वादोनपट वेळ. इथेच नवखे फसतात, मीही तिथेच फसलो होतो. ५ सेंटीमीटर जाडीचं, साधारण सत्तर ग्रॅमचं बीट चाळीस मिनिटांत होतं असं धरा. मग ६ सेंटीमीटरचं, सव्वाशे ग्रॅमच्या जवळपासचं, तासाच्या थोडं अलीकडे होईल. ७.५ सेंटीमीटरचं, म्हणजे सव्वादोनशेच्या पुढचं, दीड तास खाईल. दिसायला लहानमोठी एवढाच फरक असतो, डब्यात शेजारी शेजारी बसतात, पण वेळ दुपटीहून जास्त. पट्टी लावून मोजलं तर उत्तम. नसेल तर सगळ्यात जाड भागाभोवती अंगठा आणि तर्जनी धरून बघा, बोटांची टोकं सहज जुळली तर लहान, जुळता जुळता राहिली तर मधलं, चांगलं अंतर राहिलं तर मोठं. हात ज्याचे त्याचे, तेव्हा एकदा पट्टीने ताडून घ्या.

सुरी टोचणं

कोणती सुरी? बारीक, टोकदार, अरुंद पात्याची. फळं सोलायची छोटी सुरी असते ती. दातेरी नको. मोठ्या सुरीचं पातं जाड असतं, ते पाचरीसारखं शिरतं आणि शिजलेल्या बिटातही अडल्यासारखं वाटतं. उलट विणकामाच्या सुईसारखी बारीक सळई कच्च्यातही घुसते, तिच्यावर विसंबलात तर घात. काट्याने टोचू नका, चार भोकं पडतात आणि चारही गळतात.

कुठून टोचायचं? बिटाच्या बाजूने, जिथे ते सगळ्यात जाड आहे तिथून, मध्याकडे रोखून. वरून देठाच्या जागी टोचू नका. तो भाग मुळातच थोडा राठ असतो, तो कधी पूर्ण मऊ होत नाही, आणि तुम्ही उगाच आणखी वीस मिनिटं वाढवाल. खाली शेपटीकडेही नको, तिकडे बीट निमुळतं, ते आधी शिजतं.

किती खोल? मध्यापर्यंत. हे सोपं वाटतं, पण बहुतेक जण भीत भीत दोन सेंटीमीटर टोचतात आणि झालं म्हणतात. सात सेंटीमीटरच्या बिटाचा मध्य साडेतीन सेंटीमीटर आत असतो. टोचण्याआधी सुरी बिटाच्या शेजारी आडवी धरून बघा, टोकापासून पात्यावर कुठवर गेली म्हणजे मध्य आला. तेवढी गेलीच पाहिजे.

आता हाताला काय लागतं ते. जोर लावू नका, मूठ आवळू नका. सुरी तीन बोटांत पेन धरावं तशी धरा आणि हळूच ढकला. कच्च्या बिटात टोक शिरतं आणि थांबतं, पुढे ढकललं तर करकर जाणवते, कानाला नाही तरी बोटांना. अर्धवट बिटाची गंमत वेगळी असते. सुरी पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अलगद जाते, तुम्ही खूश होता, आणि मग एकदम घट्ट लागतं, ओल्या साबणाच्या वडीत पातं रुतावं तसं. हा जो बदल आहे, सैल होतं आणि घट्ट झालं, तोच ओळखायला शिकायचं. तो जिथे लागतो तिथपर्यंत बीट झालेलं आहे, तिथून आत कच्चं. शिजलेल्या बिटात असा टप्पा लागतच नाही. सालीपाशी एक हलकी टक, आणि मग मध्यापर्यंत सगळं एकसारखं.

आणखी एक खूण आहे, मला तीच जास्त खात्रीची वाटते. सुरी मध्यापर्यंत गेली की ती तशीच सरळ आडवी उचला. बीट सुरीला धरून वर आलं तर अजून थोडं राहिलं आहे. सुरी वर येताना बीट तिच्यावरून आपणच घसरून खाली फॉइलमध्ये राहिलं तर झालं. फार उंच उचलू नका, बोटभर पुरे, गरम बीट पायावर पडणं चांगलं नव्हे.

दुसऱ्यांदा तपासताना पहिल्याच भोकात सुरी घालू नका. तिथे वाट आधीच झालेली असते, सुरी सहज जाते आणि खोटं सांगते. शेजारी टोचा. पण दर पाच मिनिटांनी टोचत बसू नका, प्रत्येक भोकातून रस जातो आणि दार उघडलं की ओव्हनची आच जाते. तपासताना पुरचुंडी बाहेर काढा, दार लगेच लावून घ्या, वरचा पीळ सोडा. तोंड लांब ठेवा, आतून सटकन येणारी वाफ चांगलीच भाजते. टोचून झालं की पुन्हा नीट बांधा. घाईच्या वेळी मी फॉइलवरूनच टोचतो, पण एकदाच.

तीन बिटं, एक संध्याकाळ

मुद्दाम तीन मापांची बिटं घेतली, वर सांगितली तीच, आणि सहा वाजता एकाच ट्रेमध्ये आत सरकवली. ओव्हन आत खरोखर दोनशे.

सहा चाळीसला तिन्ही काढली. लहानात सुरी एका दमात मध्यापर्यंत, उचलल्यावर बीट घसरलं. ते बाहेर राहिलं. मधल्यात सुरी दोन सेंटीमीटर गेली आणि साबण लागला. मोठ्यात एक सेंटीमीटर जेमतेम. दोघांना परत पाठवलं.

सहा पंचावन्नला फक्त मधलं बघितलं. सुरी मध्यापर्यंत गेली, कुठे अडली नाही. इथे कुणीही झालं म्हटलं असतं. पण उचलल्यावर बीट सुरीसोबत वर आलं, क्षणभर लोंबकळलं आणि मग हळूच सुटलं. मी परत आत टाकलं. सात पाचला तेच बीट उचलायच्या आधीच घसरलं. त्याच वेळी मोठ्यात टोचलं, दोन सेंटीमीटरवर अडलं. म्हणजे पासष्ट मिनिटांनीही आत साडेतीन सेंटीमीटरचा कच्चा गोळा होता. माझ्या पाहुण्यांच्या दिवशीचा तो हाच.

मोठं सात पस्तीसला निघालं. हिशेबाने नव्वद मिनिटं, प्रत्यक्षात पंच्याण्णव, मधे तीनदा दार उघडलं त्याचा तो दंड. मधलं चिरून पाहिलं तेव्हा कड्यांवर कडी अशी बिटाची वर्तुळं बाहेरून आतपर्यंत एकाच रंगाची दिसली. अर्धवट शिजलेल्यात मधली वर्तुळं फिकी, अपारदर्शक दिसतात, बाहेरची गडद आणि किंचित काचेसारखी. चिरून कळतंच, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

साल

काढल्यावर पुरचुंडी बंदच ठेवून पंधरा मिनिटं थांबा. गाभा त्या वेळातही थोडा शिजत असतो आणि कोंडलेली वाफ साल सैल करते. मग देठ आणि शेपूट कापा, कागदी रुमालात बीट धरा आणि अंगठ्याने साल रेटा. नीट झालेल्याची साल पातळ पापुद्र्यासारखी निघते. ती जागोजागी चिकटून राहिली, नखाने ओरबाडावी लागली, तर बीट कमी शिजलं आहे किंवा फार थंड झालं आहे. हातमोजे घाला किंवा हात लाल करून घ्यायची तयारी ठेवा. पाटावर आधी एक जुना कागद टाका.

चिरल्यावर, गरम असतानाच, मीठ आणि थोडं व्हिनेगर किंवा लिंबू. आता आंबट चालतं, मऊ व्हायचं ते होऊन गेलं. बिटाला जो मातकट वास असतो तो एका नैसर्गिक रसायनाचा, आणि आंबटपणाने तो बराच उतरतो. ज्यांना बीट म्हटलं की माती आठवते त्यांनी हे करून बघावं. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका. काहींना होतं, काहींना नाही, बिटाचाच रंग असतो.

गाजरांचं वेगळं आहे

गाजरांना आच जास्त, २२० अंश, पंखा असेल तर २००. धुऊन कोरडी पुसा, अगदी कोरडी, कारण अंगावरचं पाणी उडेपर्यंत रंग चढत नाही. कोवळी असतील तर सोलायचीही गरज नाही, जून असतील तर वरवर सोला. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ हाताने चोळा. इथे साल खायची असते, तेव्हा मीठ वाया जात नाही.

ट्रेमध्ये एकेरी थर, दोन गाजरांमध्ये बोट जाईल एवढी जागा. दाटीवाटीने रचली तर एकमेकांच्या वाफेत उकडतात आणि तुम्ही विचार करत बसता की रंग का येत नाही. जाड बुंधे ट्रेच्या कडेला आणि बारीक टोकं मध्याकडे ठेवा. माझ्या ओव्हनमध्ये कडेला आच जास्त लागते, तुमच्यात उलट असेल तर उलट.

बुंध्याशी दीड सेंटीमीटर असलेली गाजरं साधारण पंचवीस मिनिटांत होतात, मध्ये एकदा उलटायची. अडीच सेंटीमीटर आणि पुढची असतील तर निव्वळ उघड्यावर ठेवून पंचाईत होते, आतून व्हायच्या आत टोकं करपतात. त्यांना पहिली पंधरा मिनिटं ट्रेवर फॉइल ताणून झाका, मग फॉइल काढून आणखी वीस-पंचवीस मिनिटं रंगू द्या. आधी वाफ, मग आच.

गाजराला सुरी टोचायची ती बुंध्यापासून दोन बोटं खाली, आडवी, मधल्या दांड्यापर्यंत. तो दांडा बाहेरच्या भागापेक्षा थोडा चिवट असतोच. म्हणून इथे बिटासारखं पूर्ण अलगद जाण्याची वाट पाहू नका. बाहेरचा भाग सैल आणि दांड्याशी किंचित, अगदी किंचित अटकाव, एवढ्यावर काढा. तोही जाईपर्यंत थांबलात तर गाजर उचलताना मोडतं. उचलून बघायची खूण गाजराला लागू नाही, ते हलकं असतं, सुरीला चिकटून येतंच. फार जून गाजराचा दांडा लाकूड झालेला असतो, तो कितीही भाजला तरी मऊ होत नाही, ते उभं चिरून दांडा काढून टाकलेलं बरं.

दोन बिघाड नेहमीचे. गाजर मऊ आहे पण फिकं, तर ट्रेमध्ये गर्दी होती किंवा ओल होती, वरच्या कप्प्यात पाच मिनिटं ठेवा. गाजर सुरकुतलेलं, चामड्यासारखं, आत मात्र कच्चट, तर आच कमी होती आणि वेळ जास्त. पाणी उडालं पण गाभा तापला नाही. हे परत आणता येत नाही, पुढच्या वेळी झाकून सुरुवात करा.

उरलं तर, आणि अडलं तर

उरलेली बिटं फॉइलमध्ये गुंडाळलेली रात्रभर ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या, ओलसर, आंबट नसलेल्या जागेत अन्नातून विषबाधा करणारे काही जंतू वाढू शकतात, आणि बंद पुरचुंडी ही तशीच जागा आहे. फॉइल काढा, निवू द्या, दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस चांगली राहतात, सोललेली असली तरी. गाजरं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात पण चवीला वाईट लागत नाहीत.

आणि चिरल्यावर गाभा कच्चा निघालाच, तर अख्खं परत आत टाकण्यात अर्थ नाही. बोटभर जाडीच्या फोडी करा, फॉइलमध्ये पसरा, एक चमचा पाणी शिंपडा, नीट बंद करून दोनशेलाच पंधरा मिनिटं. फोडी पातळ आहेत, आच आतपर्यंत लगेच पोचते. त्या संध्याकाळी मी हेच केलं. पाहुण्यांना बाकीचं जेवण आधी वाढलं, बीट शेवटी आलं, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलंय असं मी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.